साइनची लाट आणि बहुपदीचे शेपूट

साइनचा आलेख ही कधीच न थांबणारी लाट आहे. ती शून्यातून निघते, १ पर्यंत चढते, −१ पर्यंत उतरते आणि दर २π अंतराने, म्हणजे सुमारे ६.२८ अंतराने, तोच चढउतार पुन्हा करते. बहुपदीचा स्वभाव याच्या अगदी उलट असतो. x, x³, x⁵ अशा घातांची ती बेरीज-वजाबाकी असल्याने x पुरेसा मोठा झाला की ती एकतर आकाशाकडे झेपावते किंवा पाताळात जाते. १ आणि −१ यांच्या मध्ये कायम राहणे तिला जमत नाही. तरीही साइनची किंमत काढायची तर बहुपदीचाच आधार घ्यावा लागतो, कारण तिला फक्त बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार एवढेच लागते.

टेलर बहुपदीची युक्ती अशी, की सगळ्या लाटेच्या मागे न लागता एकच बिंदू धरायचा आणि त्या बिंदूपाशी बहुपदी साइनशी जितकी जुळवता येईल तितकी जुळवायची. सोयीचा बिंदू म्हणजे शून्य. तिथे साइनची किंमत ० आहे आणि चढ १ आहे. एवढे दोनच गुण जुळवले तर y = x ही सरळ रेषा मिळते, म्हणजे आरंभबिंदूतून साइनला काढलेली स्पर्शिका. पुढे चढ कसा बदलतो, तो बदल स्वतः कसा बदलतो, असे एकामागून एक विकलज घेत गेले तर शून्यापाशी साइनच्या विकलजांच्या किमती १, ०, −१, ० याच क्रमाने फिरत राहतात. जिथे ० येतो ते पद गळते, म्हणून सम घात कधीच दिसत नाहीत. तिसरा विकलज −१ आहे. X³ चा तिसरा विकलज मात्र १×२×३, म्हणजे ६ येतो. तेव्हा x³ ला −१/६ ने गुणले की हिशेब जुळतो. पाचव्या घाताखाली याच कारणाने १×२×३×४×५ = १२० येतात, सातव्याखाली ५०४०.

sin x ≈ x − x³/6 + x⁵/120 − x⁷/5040 + …

यातला x रेडियनमध्ये असतो, आणि पहिली चूक बहुधा इथेच होते. ३० अंशांचा साइन काढताना x च्या जागी ३० घातले तर दुसऱ्याच पदाला उत्तर −४४७० वर जाते. ३० अंश म्हणजे ०.५२३६ रेडियन. ती संख्या घेतली तर दोन पदांत ०.४९९६७ आणि तीन पदांत ०.५००००२ मिळतात, खरे उत्तर ०.५ आहे.

या मालिकेला नाव मिळाले ते ब्रुक टेलर या इंग्रज गणितज्ञाचे, ज्याचे पुस्तक १७१५ साली निघाले. साइनची ही विशिष्ट मालिका मात्र त्याआधी न्यूटनला माहीत होती, आणि न्यूटनच्याही खूप आधी केरळच्या संगमग्राम माधवांना, ज्यांचा काळ चौदावे-पंधरावे शतक असा आहे. ज्येष्ठदेवांच्या ‘युक्तिभाषा’ या सोळाव्या शतकातल्या मल्याळम ग्रंथात तिची उपपत्तीही दिलेली आहे. ज्या म्हणजे जीवा, धनुष्याची दोरी. भारतीय गणितात साइनचे काम तीच करते.

आलेख एकमेकांवर काढले की खरी गंमत दिसते. जिओजेब्रात पुढील आज्ञा देऊन शेवटचा आकडा १, ३, ५, ७ असा वाढवत गेले तरी पुरते:

```
TaylorPolynomial(sin(x), 0, 5)
```

उजव्या बाजूने पाहू. सरळ रेषा साइनला सुमारे ०.५ पर्यंत चिकटून असते आणि मग वर निघून जाते. तीन घाताची वक्ररेषा तिच्यापेक्षा शहाणी. ती वळायला शिकते, ०.९४ पर्यंत चढते आणि उतरू लागते. पण हे वळण जरा लवकरच येते. साइन आडव्या अक्षाला π पाशी, म्हणजे ३.१४ वर छेदते, ही वक्ररेषा २.४५ वरच छेदून खाली कोसळते.

पाच घाताची बहुपदी सगळ्यात पाहण्यासारखी. ती शिखर छान गाठते आणि साइनबरोबर उतरूही लागते. आता ती अक्षाला छेदणार असे वाटते, तोच ०.५२ च्या उंचीवर ती थबकते आणि परत वर उसळते. शून्य सोडले तर ती अक्षाला कुठेच स्पर्श करत नाही. एक पद वाढवले म्हणजे आलेख सगळीकडे सुधारलाच असे गृहीत धरता येत नाही, हे इथे डोळ्यांना दिसते. सात घाताची वक्ररेषा अक्षाला सुमारे ३.०८ वर छेदते, नऊ घाताची ३.१४९ वर.

π या एकाच जागी उभे राहून प्रत्येक बहुपदीची किंमत मोजली तर ती अनुक्रमे ३.१४, −२.०३, ०.५२, −०.०७५, ०.००७ अशी येते. खरी किंमत ० आहे. दोलक एकदा वर, एकदा खाली जात शांत व्हावा तसे हे आकडे आहेत. शून्याच्या उजवीकडे १, ५, ९ घातांच्या वक्ररेषा नेहमी साइनच्या वर राहतात आणि ३, ७, ११ घातांच्या नेहमी खाली. म्हणून लागोपाठच्या दोन वक्ररेषांमध्ये साइन कोंडलेली असते आणि चूक जास्तीत जास्त किती, ते सोडून दिलेल्या पुढच्या पदावरून कळते. उदाहरणार्थ x = १ ला तीन पदांचे उत्तर ०.८४१६६७, पुढचे पद १/५०४०, म्हणजे ०.०००२ पेक्षाही कमी. आणि खरी किंमत ०.८४१४७१.

चूक ०.१ पेक्षा कमी ठेवायची असेल तर पहिल्या काही बहुपद्यांसाठी दर नव्या पदामागे विश्वासाची हद्द दोन्ही बाजूंना साधारण ०.८ ने सरकते. एक पूर्ण लाट, म्हणजे ० ते २π, या अटीत बसवायला आठ पदे लागतात, घात १५ पर्यंत. त्यापलीकडे बहुपदीचे शेपूट पुन्हा उधळतेच.

पदे अमर्याद घेतली तर मालिका कुठल्याही x साठी बरोबर उत्तराकडे जाते, हे सिद्ध झालेले आहे. पण प्रत्यक्ष आकडेमोडीत ते पुरत नाही. x = ४० घेतला तर मधली पदे १.५ × १०^१६ इतकी फुगतात आणि अखेर एकमेकांना खाऊन ०.७४५ एवढेच उरायला हवे असते. संगणक एका संख्येचे पंधरा-सोळा अंक धरतो. एवढ्या मोठ्या पदात दशांश चिन्हानंतरचे काही शिल्लकच राहत नाही आणि उत्तर म्हणून कचरा हाती येतो. उत्तर १ च्या वर किंवा −१ च्या खाली गेले तर घोटाळा लगेच ओळखू येतो. ते चुकून मध्ये पडले तर मात्र येत नाही.

यावर उपाय म्हणजे पदे वाढवण्याऐवजी x लहान करणे. लाट २π ने पुन्हा तीच होते, म्हणून ४० मधून सहा पूर्ण लाटा, म्हणजे ३७.६९९१, वजा करायच्या. उरतात २.३००९. शिखराच्या दोन्ही बाजू सारख्या असल्याने ते π मधून वजा केले तरी साइन तीच राहते: ०.८४०७. आता चारच पदे पुरतात. ०.८४०७०४ मधून ०.०९९०३३ गेले, ०.००३५०० मिळाले, ०.००००५९ गेले. उरले ०.७४५११२, खरे उत्तर ०.७४५११३. संगणकातल्या प्रणालीही आधी हीच कपात करतात. पुढे त्या बहुपदी वापरतात, पण तिचे सहगुणक टेलरचे जसेच्या तसे नसतात. टेलर बहुपदीची चूक शून्यापाशी जवळजवळ नसते आणि टोकाला साचते. म्हणून सहगुणक किंचित हलवून ती चूक सगळ्या पट्ट्यात सारखी पसरवलेली असते.