वाट विचारण्याआधीच केलेली बेरीज

आजचं व्याख्यान ज्यांना थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं त्यांच्यासाठी आहे. ग्राफ म्हणजे काय आणि डायक्स्ट्राची पद्धत काय, हे तुम्ही कुठेतरी वाचलेलं असेल, एवढंच मी गृहीत धरतो.

पश्चिम युरोपच्या रस्त्यांचा एक ग्राफ संशोधक बरीच वर्षं चाचणीसाठी वापरत आले आहेत. त्यात सुमारे १ कोटी ८० लाख नोड आहेत. नोड म्हणजे ढोबळमानाने चौक. आता लिस्बनहून हॅम्बुर्गला जायचं आहे. डायक्स्ट्राची १९५९ साली प्रसिद्ध झालेली पद्धत उत्तर बिनचूक देते, पण ती पाण्यासारखी चहूबाजूंनी पसरत जाते. हॅम्बुर्ग हाती लागेपर्यंत तिने स्पेन आणि फ्रान्समधली गल्ली न गल्ली पाहिलेली असते. त्यात काही सेकंद जातात. एकट्या माणसाला ते चालेल, पण एकाच वेळी हजारो लोक विचारणार असतील तर सर्व्हर कोलमडेल.

मग सगळी उत्तरं आधीच काढून ठेवली तर? १ कोटी ८० लाखांचा वर्ग म्हणजे ३२४ लाख कोटी जोड्या. प्रत्येकीला फक्त ४ बाइट दिले तरी जवळजवळ १,३०० टेराबाइट लागतील. तेव्हा आधी काहीच न करणं परवडत नाही आणि आधीच सगळं करून ठेवणंही परवडत नाही. प्रश्न एवढाच उरतो, की आधी *नेमकं काय* करून ठेवायचं?

याचं एक सुंदर उत्तर २००८ साली कार्ल्सरूह इथल्या गाइसबर्गर, सँडर्स, शुल्टेस आणि डेलिंग यांनी मांडलं. त्याचं नाव कॉन्ट्रॅक्शन हायरार्कीज. ओएसआरएम, ग्राफहॉपर ही मुक्त इंजिनं ही पद्धत वापरतात.

कल्पना अशी, की ग्राफमधून एकेक नोड काढत जायचा, पण काढताना उरलेल्या नोडांमधली अंतरं बिघडू द्यायची नाहीत. एक उदाहरण करून पाहू. सगळे रस्ते दुहेरी वाहतुकीचे आहेत असं धरा. 'व' हा एक लहानसा चौक. त्याला तीन शेजारी आहेत: 'क' ४ मिनिटांवर, 'ख' ३ मिनिटांवर आणि 'ग' ६ मिनिटांवर. 'व' काढायचा आहे. तीन जोड्या तपासायच्या.

क ते ख, 'व'मार्गे ७ मिनिटं. पण क–ख असा थेट रस्ता आहे, ५ मिनिटांचा. मग 'व' गेल्याने इथे काहीच बिघडत नाही. क ते ग, 'व'मार्गे १० मिनिटं. पण 'च' या दुसऱ्या चौकावरून ३ अधिक ५, म्हणजे ८ मिनिटांत जाता येतं. इथेही काही करायला नको. ख ते ग, 'व'मार्गे ९ मिनिटं. दुसरी वाट 'घ'वरून, ४ अधिक ७, म्हणजे ११. 'क' आणि 'च'वरून फिरून गेलं तर १३. म्हणजे 'व' काढला तर ख–ग अंतर चुकणार. म्हणून ख आणि ग यांच्यामध्ये ९ मिनिटांचा एक काल्पनिक रस्ता घालायचा. हाच शॉर्टकट. त्याच्यावर टीप ठेवायची, 'मध्ये व आहे', म्हणजे शेवटी उत्तर उलगडून खरे रस्ते दाखवता येतात.

ही जी दुसरी वाट आपण शोधली, तिला साक्षीदार म्हणतात. साक्षीदार सापडला की शॉर्टकट नको. गंमत अशी, की हा शोध अर्धवट सोडला तरी उत्तर चुकत नाही. साक्षीदार असून दिसला नाही, तर एक शॉर्टकट जास्तीचा पडेल, इतकंच.

असे सगळे नोड काढले की जो जितका उशिरा गेला, त्याचा क्रमांक तितका वरचा. आता लिस्बनकडून शोध सुरू करायचा, पण फक्त वरच्या क्रमांकाकडे जायचं. हॅम्बुर्गकडूनही तसंच, उलट दिशेने. दोन्ही शोध वर कुठेतरी भेटतात. कोटभर नोडांऐवजी काहीशे नोड पाहावे लागतात आणि मिलिसेकंदाच्या आत काम होतं.

पण उतरणीचे सगळे रस्ते सोडून दिले, तर सर्वांत जवळची वाट निसटणार नाही हे कशावरून? समजा अशा वाटेत एक खळगा आहे: य–व–र, आणि 'व' या दोघांच्याही आधी काढलेला आहे. 'व' काढला तेव्हा य आणि र जागेवर होते. म्हणजे त्या क्षणी एकतर य–र शॉर्टकट पडला, नाहीतर तितकाच किंवा कमी लांबीचा साक्षीदार सापडला. दोन्ही वाटा 'व'पेक्षा वरच्या नोडांतूनच जातात. खळगा भरला, लांबी वाढली नाही. असे सगळे खळगे भरत गेलं की उरते ती आधी चढणारी आणि मग उतरणारी वाट. तीच आपण शोधतो.

या सिद्धतेत रस्त्यांबद्दल काहीच आलेलं नाही, हे लक्षात घ्या. नोड कुठल्याही क्रमाने काढा, उत्तर बरोबरच येणार. क्रमावर अवलंबून आहे तो फक्त वेग. दहा शेजारी असलेला नोड आधी काढला, तर १० रस्ते जातील आणि ४५ पर्यंत शॉर्टकट येतील. आपला 'व' काढताना ३ गेले आणि १ आला. म्हणून असे स्वस्त नोड आधी काढायचे, आणि शेजार बदलला की हिशेब पुन्हा करायचा. रस्त्यांच्या जाळ्यात हे जमतं, कारण लांबच्या वाटा मोजक्या महामार्गांत आणि पुलांवर एकवटतात. मैत्रीच्या जाळ्यात तशी उतरंड नसते. तिथे शेवटी शेवटी शॉर्टकटांचा पूर येतो आणि पूर्वतयारी संपतच नाही.

स्वतः लिहून पाहणाऱ्यांची एक नेहमीची चूक सांगतो. दोन शोध पहिल्यांदा भेटले की थांबायचं, असं वाटतं. ते चूक आहे. फक्त चढत जाणारा शोध एखाद्या नोडपाशी लांबच्या वाटेनेही पोहोचलेला असू शकतो. थांबायचं ते दोन्ही रांगांतलं सर्वांत लहान अंतर आतापर्यंतच्या उत्तराइतकं किंवा मोठं झालं की:

```
while min(qf.min(), qb.min()) < best:
    step()
```

ही चूक ओळखायची कशी? हजारभर जोड्या यदृच्छेने निवडा आणि साध्या डायक्स्ट्राशी ताडून पाहा. तुमचं उत्तर कधीकधी मोठं येत असेल, तर आधी ही ओळ तपासा.

एक प्रश्न आला आहे: "सर, वाहतूक तुंबली तर?" योग्य प्रश्न. रस्त्याचा वेळ बदलला की जुने साक्षीदार खोटे ठरतात. जो शॉर्टकट तेव्हा नको होता, तो आता हवा असतो. पूर्ण तयारीला काही मिनिटं लागतात, ती सारखी कोण करणार? डिबेल्ट, श्ट्रासर आणि वाग्नर यांनी २०१४ साली यातून मार्ग काढला. साक्षीदार विचारायचाच नाही. क्रम फक्त जाळ्याच्या आकारावरून ठरवायचा आणि लागू शकतील ते सगळे शॉर्टकट घालून ठेवायचे. शॉर्टकट जास्त होतात, पण वाहतूक बदलली की फक्त त्यांचे आकडे नव्याने भरायचे. क्रम तोच राहतो. हे चालतं, कारण उत्तराचा खरेपणा क्रमावर अवलंबून नाही, हे आपण मघाशीच पाहिलं.