रीसेटनंतर कार्ड का उघडत नाही?

समजा, डोंबिवली स्टेशनबाहेरच्या दुकानात कुणी अडकलेला फोन रीसेट करून घेतला. फोन सुरळीत चालू लागला, पण कार्डावरचे फोटो दिसेनात. संगणकाला लावले तर तोही कार्ड फॉरमॅट करायला सांगतो.

कार्ड बिघडलेले नसते. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून काही फोनमध्ये कार्ड अंतर्गत स्टोरेज म्हणून जोडता येते. तसे जोडताना फोन कार्ड पुसतो आणि पुढे त्यावर जाणारा सगळा मजकूर कूटबद्ध करतो. चोराने कार्ड काढून नेले तरी त्याला काही वाचता येऊ नये, हा त्यामागचा रास्त हेतू. पण उलगडण्याची किल्ली फक्त फोनच्या `/data` विभागात राहते आणि रीसेटमध्ये नेमका तोच विभाग पुसला जातो. गूगल खाते पुन्हा जोडले तरी किल्ली परत येत नाही.

संगणकावर कार्डात `android_expand` नावाचा भाग दिसला तर समजावे, प्रकार हाच आहे. रिकव्हरी सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नयेत. कार्ड फॉरमॅट करून पुन्हा वापरता येते, जुना मजकूर मात्र गेला. म्हणून दुकानदाराने रीसेटचे बटण दाबण्यापूर्वीच फोटो संगणकावर उतरवून घ्यावेत.