वाचताना लागणारा चकवा

‘द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल.’ थॉमस बेव्हर या अमेरिकी मानसभाषाशास्त्रज्ञानं 1970 साली आपल्या एका दीर्घ निबंधात हे सात शब्दांचं वाक्य दिलं. पहिले सहा शब्द सुरळीत जातात: घोडा कोठारावरून धावत गेला. मग ‘फेल’ येतो आणि त्याला बसायला जागाच उरलेली नसते. वाक्य चुकलंय, असं बहुतेकांना वाटतं. ते चुकलेलं नाही. कोठारावरून दौडवत नेलेला घोडा पडला, एवढंच ते सांगतंय. इंग्रजीत ‘दौडला’ आणि ‘दौडवलेला’ या दोन्हींसाठी ‘रेस्ड’ हे एकच रूप चालतं, आणि वाचक त्यातलं पहिलं धरून पुढे निघून गेलेला असतो.

बेव्हरचं हे वाक्य पुढच्या अर्धशतकाच्या संशोधनाची सुरुवात ठरलं, कारण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. वाचक पूर्णविरामापर्यंत थांबून मग अर्थ लावत असता, तर इथे अडखळायचं काही कारणच नव्हतं. तो अडखळतो, म्हणजे शब्द हाती येईल तशी तो वाक्याची बांधणी करत असतो, आणि दोन वाटा दिसल्या तरी बहुधा एकच धरतो.

पण कोणती वाट, आणि का? सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लिन फ्रेझिअर यांनी याचं नेमकं उत्तर मांडलं. वाचक सर्वांत साधी, कमीत कमी नवी जोडणी लागणारी रचना निवडतो, आणि नवा शब्द शक्यतो हातात असलेल्या पदबंधालाच जोडतो. अर्थ, संदर्भ, शक्यता यांचा विचार नंतर. हे तपासायला त्यांनी कीथ रेनर यांच्यासह वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. 1982 मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो.

त्यातलं एक वाक्य असं सुरू होतं: ‘सिन्स जे ऑल्वेज जॉग्ज अ माइल सीम्स...’. जे नेहमी एक मैल धावतो, असं वाचून डोळा पुढे जातो आणि ‘सीम्स’वर आपटतो, कारण या क्रियापदाला कर्ता हवा आणि तो होता ‘अ माइल’, ज्याला वाचकानं आधीच धावण्याचं कर्म करून टाकलंय. खरी फोड अशी: जे नेहमी धावत असल्यामुळे, एक मैल त्याला थोडाच वाटतो. वाचताना डोळा एका जागी साधारण पाव सेकंद टेकतो आणि पुढे उडी मारतो. अशा वाक्यात उलगडा करणाऱ्या शब्दाशी तो जास्त वेळ टेकत होता, आणि बरेचदा मागे वळत होता. मागे जाताना तो वाक्याच्या सुरुवातीला जात नव्हता, की एकेक शब्द मोजत उलटा सरकत नव्हता. जिथे वाट चुकली होती, त्या भागाकडेच तो अनेकदा जाई. चूक कुठे झाली असणार, याचा अंदाज वाचकाला असतो.

पुढची दहा-पंधरा वर्षं एकाच वादात गेली: पहिली निवड खरंच अर्थाकडे न पाहता होते का? ‘वकिलानं तपासलेला आरोपी’ आणि ‘वकिलानं तपासलेला पुरावा’ अशी इंग्रजी वाक्यं घेऊन फर्नांडा फरेरा आणि चार्ल्स क्लिफ्टन यांनी 1986 मध्ये दाखवलं, की पुरावा स्वतः काही तपासू शकत नाही हे ठाऊक असूनही वाचक अडखळतात. 1994 मध्ये ट्रूझवेल, टॅनेनहाउस आणि गार्नझी यांनी त्यांची वाक्यं बारकाईनं पाहिली. त्यातली काही निर्जीव नामंही कर्ता होऊ शकत होती. गाडी दुसरी गाडी ओढून नेऊ शकतेच. जिथे निर्जीव नाम कर्ता होऊच शकत नाही अशी वाक्यं घेतल्यावर अडखळणं जवळजवळ नाहीसं झालं. क्लिफ्टन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये पुन्हा मोजमाप केलं, तर थोडी अडचण उरलेलीच दिसली. माझ्या मते या वादात निकालापेक्षा शिस्त मोलाची होती: प्रयोगातलं एकेक वाक्य उलटसुलट करून पाहायची सवय या क्षेत्राला तिथे लागली.

या सगळ्यात दोन्ही पक्ष एक गोष्ट धरून चालले होते. वाचक चुकतो, मागे वळतो, दुरुस्ती करतो, आणि चुकलेली रचना पुसली जाते. 2001 मध्ये कील ख्रिस्तियनसन, फरेरा आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: खरंच पुसली जाते का?

त्यांचं वाक्य होतं, ‘व्हाइल ॲना ड्रेस्ड द बेबी प्लेड इन द क्रिब’. मधे स्वल्पविराम नाही. ॲना स्वतः कपडे घालत होती आणि बाळ पाळण्यात खेळत होतं, हा त्याचा अर्थ. वाचून झाल्यावर विचारलं: बाळ पाळण्यात खेळलं का? लोक बरोबर ‘हो’ म्हणाले, म्हणजे दुरुस्ती झाली होती. मग विचारलं: ॲनानं बाळाला कपडे घातले का? इथेही पुष्कळ जण ‘हो’ म्हणाले. एकच बाळ एकाच वेळी एका क्रियापदाचं कर्म आणि दुसऱ्याचा कर्ता होऊन मनात राहिलं होतं.

यावर आक्षेप सहज सुचतो. ‘माणूस शिकार करत असताना हरीण रानात पळालं’ असं वाचून तो त्याच हरणाच्या मागे होता, असा तर्क कोणीही करील. त्यात चकव्याचा काय संबंध? म्हणूनच ‘ड्रेस्ड’सारखी क्रियापदं घेतली होती. त्यांना कर्म नसेल तर इंग्रजीत अर्थ स्वतःपुरताच राहतो, तर्काला वाव उरत नाही. तरीही चुकीचा अर्थ टिकला. 2013 मध्ये स्लॅटरी आणि सहकाऱ्यांनी डोळ्यांच्या हालचालींवरून दाखवलं, की वाचक योग्य रचना बांधतात, पण जुनीही सोडत नाहीत. 1982 चा मागे वळणारा डोळा दुरुस्तीसाठीच जात होता; चुकलेलं खोडत मात्र नव्हता.

दरम्यान जॉन हेल आणि रॉजर लेव्ही यांनी वेगळा मार्ग सुचवला: जो शब्द जितका अनपेक्षित, तितका वेळ जास्त. पण 2024 मध्ये दोन हजार वाचकांवर केलेल्या मोजमापात, चकव्याच्या वाक्यांवर लोक या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त रेंगाळताना दिसले. नुसत्या आश्चर्यानं तो वेळ भरून निघत नाही. उलगडून पुन्हा बांधायची मेहनत वेगळीच असते.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण या चकव्यातून सुटलो असं नाही. ‘शिक्षकांनी मुलाला मारणाऱ्या माणसाला थांबवलं’ हे वाक्य घ्या. ‘शिक्षकांनी मुलाला’ एवढं वाचताच दोघांना आपण एका क्रियेत गुंफतो. ‘मारणाऱ्या’ आलं की ही गुंफण सुटते, कारण ‘शिक्षकांनी’ला बहुधा भूतकाळी रूप लागतं आणि ‘-णाऱ्या’शी ते जुळत नाही. मूल आतल्या वाक्यात जातं, शिक्षक बाहेर थांबतात. तरी ‘फेल’सारखा धक्का बसत नाही, कारण कोणी कोणाला काय केलं हे तोवर ठरलेलंच नसतं, क्रियापद यायचं असतं. जपानी वाचकांविषयी जेनेट फोडर आणि अत्सू इनोउए यांनी नव्वदच्या दशकात असंच लिहिलं: क्रियापद शेवटी असलं तरी वाचक वाट पाहत बसत नाही, नामं येतील तशी जुळवतो, आणि गरज पडली की त्यातली बरीच जुळणी फारसं न अडखळता बदलतो. ‘मुलाला मारणाऱ्या माणसाला शिक्षकांनी थांबवलं’ असं लिहिलं, तर तेवढीही जुळणी मोडावी लागत नाही. बातमीच्या मथळ्यात शिक्षकांचं नाव कोणत्या कृत्याशेजारी पडतं, हे तपासताना ही अदलाबदल करून पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही.