सांगितलं की फुशारकी होते?

‘विमानात बसेपर्यंत कुणाला सांगू नकोस.’ परदेशी शिकायला निघालेल्या मुलांना चंद्रपूर-गडचिरोलीत हा सल्ला इतक्यांदा मिळतो की आता ऐकवत नाही. कारणं दोनच दिली जातात: दृष्ट लागते आणि लोक म्हणतात, ‘पोट्टं हवेत गेलं.’ मग मित्रांना बातमी कळते ती थेट विमानतळावरच्या स्टेटसवरून. ज्याने पासपोर्टच्या कामासाठी स्वतःच्या गाडीवर नेऊन आणलं, त्यालाही तिथूनच. आणि याला म्हणे नम्रपणा!

दृष्टीचं सोडा. व्हिसा अडतो तो बँकेच्या कागदांवरून किंवा पासपोर्ट आणि गुणपत्रिकेतल्या नावाच्या फरकावरून. दुसऱ्या कारणाचा मात्र अभ्यास झालेला आहे. ॲनाबेल रॉबर्ट्स, एमा लेव्हिन आणि ओव्हुल सेझर या संशोधकांनी यश लपवणाऱ्यांवर केलेलं काम 2021मध्ये प्रसिद्ध झालं. मित्राला वाईट वाटू नये म्हणून आपण गप्प बसतो, पण बातमी नंतर कळली की तो दुखावतो. ‘हा मला जळका समजला,’ असं त्याला वाटतं आणि विश्वास कमी होतो. म्हणजे ज्या नुकसानीच्या भीतीने तोंड बंद ठेवलं, तेच नुकसान गप्प राहूनही होतं.

याचा अर्थ कसंही सांगावं असा नाही. फुशारकी बातमीत नसते, आकड्यात असते. कोरपना तालुक्यातल्या लखमापूरचे तरुण वकील दीपक चटप यांना ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली आणि ते लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले. अशा वेळी बातम्यांचे मथळे लाखांत बोलतात आणि गावात चर्चा सुरू होते ती ‘एवढे पैसे भेटले’ अशी. भेटत नाहीत हो! चेव्हनिंगमध्ये शिक्षण शुल्क विद्यापीठाकडे जातं, विमानभाडं दिलं जातं आणि विद्यार्थ्याच्या हातात येतो तो महिन्याचा निर्वाह भत्ता. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत ब्रिटनसाठी निर्वाह भत्त्याचा दर वर्षाला 9,900 पौंड धरला गेला. बाराने भागा: महिन्याला 825 पौंड. लंडनमध्ये खोलीभाडं दिल्यावर त्यातून फार काही उरत नाही. म्हणून मित्राला लाखांचा आकडा सांगू नका. तो तुमच्या हातातला पैसाही नाही, आणि ऐकणाऱ्याला पुढे हातउसने मागावेसे वाटले तर दोष त्याचा नाही.

मग सांगायचं काय? समजा, कोरचीकडची एक मुलगी चेव्हनिंगवर लीड्सला एम.एस्सी.साठी निघाली आहे. चेव्हनिंगची निवड सुरुवातीला सशर्त असते, विद्यापीठाचं बिनशर्त प्रवेशपत्र आल्याशिवाय ती पक्की होत नाही. तेवढ्या काळात जवळच्या दोघा-तिघांना ‘निवड झाली आहे, अजून पक्कं नाही’ एवढं पुरतं. पक्कं झालं की आधी ज्यांनी हातभार लावला त्यांना एकेकट्याला फोन, मग गटात निरोप, स्टेटस सगळ्यात शेवटी. फोनवर असं सांगायचं: ‘सप्टेंबरात लीड्सला एका वर्षासाठी चालली, पाण्याच्या विषयात शिकायला. माझा निबंध तू दोन रात्री बसून तपासला होतास, तोच पाठवला. इंग्रजीच्या परीक्षेची फी ताईने भरली. निघायच्या आधी घरी ये, जेवायलाच.’ यात आभार आहेत, पण ‘सर्वांच्या आशीर्वादाने’ नाही. मोघम आभार कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. कुणी कोणतं काम केलं ते सांगितलं की त्या माणसाला ते पोचतं आणि यश एकट्याचं उरत नाही. ‘मला तर वाटलंच नव्हतं, लायकीही नाही’ हे वाक्यही नको. ते खोटं वाटतं, आणि ज्याचा अर्ज यंदा नाकारला गेला त्याला जास्त बोचतं. त्याला वेगळा फोन करा, आणि त्याच्या अर्जाबद्दल त्याने काढल्याशिवाय बोलू नका.

बाकीचे गैरसमज चटकन. ‘मोठ्या घरची पोरंच जातात’: कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडीचे, गरिबीत वाढलेले भास्कर हलामी गडचिरोलीच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन पुढे अमेरिकेतल्या मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात पीएच.डी. झाले. ‘गेला तो गेला’: चेव्हनिंगच्या अटीप्रमाणे शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. ‘पदवी झाली की लगेच अर्ज’: चेव्हनिंगला आधी 2,800 तास कामाचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षं.

तेव्हा निघणाऱ्यांनो, मित्रांना बातमी सांगताना अर्ज कधी भरला, कोणते कागद लागले, कुठे अडलं, हेही सांगा. चेव्हनिंगचे अर्ज साधारणपणे ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात.