चहाची वेळ बदलली

साताऱ्याजवळच्या एका शाळेतल्या बाई तिसऱ्या तासालाच खुर्ची शोधू लागल्या होत्या. दोन जिने चढले की धाप लागायची. वयाचं, दगदगीचं असेल, असं घरचे म्हणत. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली, तर आतला भाग फिका. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ८.६. गरोदर नसलेल्या स्त्रीला ते किमान १२ हवं. पाळीत रक्तस्राव जास्त होत होता आणि शरीरातला लोहाचा साठा संपत आला होता.

"मी तर रोज पालेभाजी खाते," बाई म्हणाल्या. खरंच खात होत्या. पण डबा संपताच स्टाफरूममध्ये चहा व्हायचा. भाजी, डाळी आणि धान्यातलं लोह शरीरात मुळात कमीच शोषलं जातं, आणि चहातलं टॅनिन त्यातलंही बरंचसं अडवतं. आता चहा जेवणानंतर तासाभराने होऊ लागला. डब्यात मटकीची उसळ आली, तिच्यावर लिंबू पिळलेलं, कारण क जीवनसत्त्वामुळे हेच लोह अधिक शोषलं जातं. सोबत अळिवाचा लाडू.

मात्र हिमोग्लोबिन इतकं उतरल्यावर नुसत्या आहाराने भागत नाही. लोहाच्या गोळ्याही सुरू झाल्या. शौचाला काळं होई, ते गोळीमुळेच. महिन्याभरात जिने सोपे झाले, तरी साठा भरायला गोळ्या पुढे काही महिने घ्याव्या लागल्या. पाळीचे उपचारही सोबत चालले. धाप लागत असेल, तर आधी रक्त तपासून घ्या.