गुहेतली अस्वलं

न्यू जर्सी

“बोट माशावर ठेवा,” बाई म्हणतात आणि 22 बोटं अर्ध्या पानाच्या कागदावर छापलेल्या माशावर जाऊन थांबतात. कागदावर प्रश्न क्रमांक नाहीत. पहिल्या ओळीच्या डोक्याशी मासा आहे, दुसरीशी छत्री, तिसरीशी होडी. सहा वर्षांच्या मुलाला “प्रश्न तिसरा” शोधताना आकडाही वाचावा लागतो, ओळही मोजावी लागते आणि या दोन्ही गोष्टींचा आपल्याला जे तपासायचंय त्याच्याशी संबंध नसतो. मासा मात्र सगळ्यांना सापडतो.

इथल्या एका सरकारी शाळेत पहिलीच्या वर्गात मी मदतनीस आहे. या कामाला ‘पॅराप्रोफेशनल’ असं लांबलचक नाव आहे, शाळेत सगळे नुसतं ‘पॅरा’ म्हणतात. वर्ग बाई घेतात. मी मुलांमध्ये फिरते, अडलेल्याजवळ बसते आणि असा कागद सुटताना बाईंना दिसत नाही ते टिपून ठेवते. घरी स्पॅनिश, गुजराती, तेलुगू, मराठी बोलणारी मुलं वर्गात आहेत. काहींना वर्षाच्या सुरुवातीला इंग्रजी अक्षरांची जेमतेम ओळख असते. त्यांच्यापुढे लेखी गणित ठेवलं तर पेपर वाचनाचा होतो आणि गुण मात्र गणिताच्या नावावर पडतात.

अमेरिकेत 2015च्या शिक्षण कायद्यानुसार राज्यांच्या वाचन-गणिताच्या वार्षिक परीक्षा तिसरीपासून सुरू होतात. त्यामुळे पहिलीत काय कळलं आणि काय नाही, हे शिक्षिकेनं स्वतःच वेळोवेळी पाहायचं असतं. त्यासाठी तासाच्या शेवटी दिल्या जाणाऱ्या चिटोऱ्याला इथे ‘एक्झिट तिकीट’ म्हणतात. पाच-सहा मिनिटांचं काम. गुण नाहीत, पालकांची सही नाही. उद्या कोणाला काय शिकवायचं ते ठरवण्यापुरता तो कागद असतो.

परवाचा विषय होता दहाची फोड. सात आणि किती म्हणजे दहा? बाईंनी आधी काढलेल्या चित्रात ‘टेन फ्रेम’ होती, म्हणजे पाच-पाच चौकोनांच्या दोन ओळी. त्यातल्या सात चौकोनांत ठिपके, तीन रिकामे. खाली विचारलं होतं, दहा व्हायला आणखी किती हवेत? वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी 3 ला गोल केला. बाईंना आनंद झाला नाही. संध्याकाळी कागद चाळत त्या म्हणाल्या, “यांनी रिकामे चौकोन मोजलेत. एवढं मोजणं त्यांना बालवाडीतच येत होतं.”

चित्राच्या चाचणीत सगळ्यात सहज होणारी चूक हीच आहे. वाचन नको म्हणून आपण चित्र देतो आणि चित्रातच उत्तर उघडं ठेवतो. मग विचार करायचं कारणच उरत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी टेन फ्रेम गेली आणि अस्वलं आली. इथल्या पहिलीच्या वर्गांत सहसा मोजायला रंगीत प्लॅस्टिकच्या अस्वलांचा डबा असतो. पेला उलटा ठेवून त्याची गुहा करायची आणि काही अस्वलं आत लपवायची, हा खेळ मुलांनी खेळलेला होता. नव्या कागदावर तोच खेळ होता. काळी गुहा, तिच्यावर झेंडा, झेंड्यावर 10. बाहेर सात अस्वलं. पुढे चार गोल: 7, 4, 17, 3.

बाई सावकाश म्हणाल्या, “सगळी मिळून दहा अस्वलं. सात बाहेर आहेत. बाकीची गुहेत. गुहेत किती?” हेच वाक्य त्यांनी शब्दही न बदलता तीनदा म्हटलं. पर्याय वाचून दाखवले नाहीत. योग्य आकड्यावर आवाज किंचित बदलतो आणि मुलं बाईंचा चेहरा वाचण्यात पटाईत असतात.

हे चारही आकडे विचारपूर्वक निवडलेले आहेत. 7 ला गोल करणाऱ्या मुलानं जे दिसलं ते मोजलं, लपलेल्यांचा विचार केलाच नाही. 17 वाल्यानं दोन आकडे ऐकले आणि बेरीज करून टाकली. 4 वाल्याची चूक सगळ्यात बोलकी आहे. तो सातापासून पुढे मोजतो, पण सातावरच पहिलं बोट उघडतो: सात, आठ, नऊ, दहा. बोटं झाली चार. त्याला पुढे मोजायचं हे कळलंय, सुरुवात कुठून करायची ते कळलेलं नाही. एरवी या तिघांच्या कागदावर एकसारखीच लाल फुली पडली असती.

त्या दिवशी 12 मुलांनी 3 निवडला, पाच जणांनी 4, तिघांनी 7 आणि दोघांनी 17. पण चारांतून एक निवडायचा असला की अंदाजानंही बरोबर येऊ शकतं. म्हणून छत्रीच्या ओळीत तोच प्रश्न वेगळ्या आकड्यांनी होता: झेंड्यावर 9, बाहेर चार अस्वलं, पर्याय 6, 13, 5, 4. बरोबर उत्तर 5, आणि सुरुवात चुकवणाऱ्याचं उत्तर 6 यायला हवं. माशाच्या ओळीत 4 निवडलेल्या पाचांपैकी चौघांनी इथे 6 निवडला. चौघांची चूक एकाच जागची आहे हे दोन ओळींनी सांगितलं. पाचव्यानं बरोबर 5 ला गोल केला होता. त्याचं पहिलं उत्तर घाईचं असावं, एवढंच म्हणता येतं. दुसऱ्या प्रश्नाचे आकडे निवडताना जपावं लागतं. तिथेही बरोबर उत्तर 3 च ठेवलं असतं तर वरचाच आकडा पुन्हा गोल करणारं मूलही हुशार ठरलं असतं.

होडीच्या ओळीत पाच पक्षी आणि चार अळ्या होत्या. इथे बाईंनी शब्दांकडे लक्ष दिलं. वाचन काढून टाकलं तरी भाषा उरतेच, कारण प्रश्न कानावर पडतो. 1983 साली टॉम हडसन या संशोधकानं मुलांना अशीच चित्रं दाखवली होती. “अळ्यांपेक्षा पक्षी किती जास्त?” असं विचारल्यावर पहिलीतल्या 64 टक्के मुलांनी बरोबर उत्तरं दिली. “पक्षी अळ्यांवर झेपावले आणि प्रत्येकानं एकेक अळी घ्यायचा प्रयत्न केला, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?” असं विचारल्यावर सगळ्यांची उत्तरं बरोबर आली. चित्र तेच, मुलांना येणारं गणितही तेच. फरक पडला तो “किती जास्त” या बोलण्यानं. त्यामुळे आमच्या बाई आधी अळी न मिळालेले पक्षी विचारतात आणि “किती जास्त” ही भाषा वेगळ्या दिवशी, वेगळी शिकवतात. एकाच प्रश्नात दोन्ही तपासायला गेलं तर मूल कुठे अडलं ते कळत नाही.

वजाबाकीच्या चित्रांचं मला फार वाईट वाटतं, कारण ती सर्रास चुकीची काढलेली असतात. फांदीवर पाच पक्षी बसलेत आणि दोन उडताना दाखवलेत. काढणाऱ्याच्या मनात असतं सात वजा दोन. मूल म्हणतं पाच वजा दोन, कारण पाच बसलेत आणि दोन चाललेत. चित्र थांबलेलं असतं आणि गोष्ट पुढे सरकणारी. आधी किती होते हे त्या चित्रात कुठेच नाही. त्यापेक्षा सात पक्षी एका रांगेत काढून दोघांवर काट मारलेली बरी.

कागद गोळा झाल्यावर मधल्या सुट्टीत बाईंनी त्यांचे गठ्ठे केले. गुणांनुसार नव्हे, चुकीनुसार. याला दहा मिनिटंही लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी 7 वाल्या तिघांना माझ्याकडे पाठवलं. खरा पेला आणि खरी अस्वलं घेऊन आम्ही बसलो. लपवायचं, ओळखायचं, पेला उचलून पाहायचं. 4 वाल्यांना बाईंनी स्वतः घेतलं. “सात डोक्यात ठेवा,” असं म्हणून त्या कपाळावर हात टेकवायच्या आणि पहिलं बोट आठावर उघडायच्या. 17 वाल्या दोघांना त्यांनी एकही आकडा न उच्चारता गोष्ट सांगायला लावली. काही अस्वलं आहेत, थोडी बाहेर आहेत, थोडी आत. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलानं ती आधी आपल्या भाषेत सांगितली, मग हातवारे करून इंग्रजीत. “आत” हा शब्द त्याला सापडला तसा त्याचा हात आपोआप पेल्याकडे गेला.

ज्या 12 जणांचं बरोबर आलं, त्यांच्या कागदावरून एक गोष्ट कळत नाही. कुणाला सात-तीन-दहा तोंडपाठ आहे, कुणी सातापासून पुढे मोजलं आणि कुणी एकापासून दहापर्यंत सगळं मोजून काढलं? गोल तर तिघांचा सारखाच. त्यासाठी कागद सुटताना मुलांकडे पाहावं लागतं. माझ्या वहीत मी प्रत्येक नावापुढे एक खूण करते: बोटं, ओठ हलले, काहीच नाही.

वर्गात एका मराठी घरातली मुलगी आहे. बाईंनी तिच्याबद्दल लिहिलं होतं, “हाताशी चाळा करते, उत्तर बहुधा अंदाजाने.” मी तिच्या शेजारीच उभी होते. तिचा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर होता, मग मधल्या, मग टोकाच्या. ओठ हलत होते: आठ, नऊ, दहा. माझी आजी जप मोजायची तशी ती पेरांवर मोजत होती. इथे मोजणं म्हणजे एकेक अख्खं बोट उघडणं. त्यामुळे तीन मोजून झाले तरी बाईंना तिचं जेमतेम एक बोट गुंतलेलं दिसलं. सातापुढे कुठून सुरुवात करायची हेही तिला बरोबर माहीत होतं.

मी बाईंना माझ्या हातावर करून दाखवलं. एका बोटाला तीन पेरं, चार बोटांची बारा. त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं दोनदा करून पाहिलं आणि मग त्या मुलीला बोलावून विचारलं, तुला हे कुणी शिकवलं? “आजीनं,” ती म्हणाली. बाईंनी आधीची ओळ खोडली आणि तिच्या नावापुढे लिहिलं, “पुढे मोजते, पेरांवर.” आता माझ्या वहीतल्या खुणांमध्ये एक चौथी खूण आहे, लहानशा पेराची. या आठवड्यात ती आणखी दोन नावांपुढे आली.