परिचयातलं सुवर्णपदक कुठवर ठेवायचं?

परिषदेचे आयोजक वक्त्याकडे शंभरेक शब्दांचा परिचय मागतात आणि पुष्कळ जण 10 वर्षांपूर्वीचीच फाइल पाठवून मोकळे होतात. सूत्रसंचालक ती व्यासपीठावरून वाचू लागला, की पंचेचाळिशीतले पाहुणे पुन्हा पस्तिशीत जातात.

पुण्यातला एक स्ट्रक्चरल इंजिनिअर कल्पनेत घ्या. त्याच्या 2015च्या परिचयात असं काय काय होतं: बी.ई.ला डिस्टिंक्शन, महाविद्यालयीन निबंधवाचनाचं सुवर्णपदक, ऑटोकॅडचं प्रमाणपत्र, ‘10 वर्षांचा अनुभव’, एका उड्डाणपुलाच्या डिझाइन टीममध्ये सहभाग आणि भूकंपविषयक आयएस 1893 या मानकाचा अभ्यास. आज तो जुन्या पुलांची तपासणी आणि मजबुतीकरण करणाऱ्या गटाचा प्रमुख आहे.

लिहायला सुरुवात या शेवटच्या ओळीपासून करायची. आजचं काम आधी मांडलं, की जुन्यातलं काय त्याला जोडलेलं आहे ते आपोआप दिसतं. डिस्टिंक्शन आणि ऑटोकॅड दोन्ही जातील, कारण पुलाचं मजबुतीकरण करणाऱ्याला ड्रॉइंग येतं हे सांगावं लागत नाही. मानकाचा उल्लेख होता तसा ठेवला तर उलट अडचणच. त्याच्या पहिल्या भागाची सुधारित आवृत्ती 2016 साली आली, त्यामुळे श्रोत्यांतला जाणकार लगेच विचारेल, ‘कोणती आवृत्ती?’

खरी ओढाताण होते ती सुवर्णपदकापाशी. निबंध कोणत्याही विषयावर असता तर पदक बिनदिक्कत काढता आलं असतं. पण तो दगडी कमानीच्या पुलांवर असेल, तर पदक वगळून विषय ठेवावा: ‘विद्यार्थिदशेपासून दगडी पुलांचा अभ्यास’. उड्डाणपूलही तसाच. नंतर स्वतंत्र जबाबदारीची कामं झाली असतील, तर सहभागाची ओळ जाते. ती ठेवायचीच असेल, तर ‘सहभाग’चं ‘नेतृत्व’ करायचं नाही. त्या टीममधलं कुणीतरी सभागृहात बसलेलं असू शकतं.

सगळंच जुनं शिळं होतं असं मात्र नाही. पीएच.डी., पेटंट, राष्ट्रीय पुरस्कार टिकतात. डॉक्टरांची पदवी तर कोणत्याही वयात लिहावीच लागते.

‘10 वर्षांचा अनुभव’ हा आकडा दरवर्षी चुकत जातो, त्याऐवजी ‘2005पासून या क्षेत्रात’ म्हणावं. ‘सध्या’ आणि ‘नुकतेच’ हे शब्दही काढावेत. मग परिचय असा उरतो: ‘2005पासून पूल-अभियांत्रिकीत. जुन्या पुलांची तपासणी आणि मजबुतीकरण करणाऱ्या गटाचे प्रमुख. विद्यार्थिदशेपासून दगडी पुलांचा अभ्यास.’ आता आणखी दोन-तीन ओळींना जागा आहे. तिथे गेल्या पाच वर्षांतली नाव घेण्याजोगी कामं येतील.

गाळलेल्या ओळी पुसून टाकू नका. सल्लागार सेवेच्या सरकारी निविदांत तज्ज्ञांच्या बायोडेटात नोकऱ्या आणि प्रकल्प तारखांसह मागतात, तेव्हा त्या लागतील. त्यासाठी मोठी फाइल वेगळी ठेवा, आणि छोट्या परिचयाच्या फाइलच्या नावातच महिना-वर्ष घाला.